गोपनीयता करार: सही करताना, काम करताना आणि नोकरी सोडताना

नोकरीच्या पहिल्या दिवशी पुढ्यात कागदांचा गठ्ठा येतो. पीएफचा फॉर्म, ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन, आयकार्डाची पावती, आणि त्यातच कुठंतरी चार-पाच पानांचा इंग्रजी करार. त्याला सगळे एनडीए म्हणतात, म्हणजे गोपनीयता करार. समोरचा माणूस पेनाने खुणा केलेल्या जागा दाखवत पानं उलटतो आणि आपण सह्या करत जातो. मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात एचआर विभागात काम करते आणि हा गठ्ठा अनेक मुलामुलींच्या पुढ्यात मीच ठेवला आहे. पुढे ज्यांच्यावर प्रसंग आला, त्यातल्या बहुतेकांनी चोरी केली नव्हती. आपण कशावर सही केली हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

म्हणून एकच उदाहरण धरून जाऊ. समजा तुम्ही मेकॅनिकलचा डिप्लोमा करून अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंगच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला आहात. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम दाबाने साच्यात भरून गाडीच्या गिअरबॉक्सचं कव्हर बनतं, आणि तुमचं काम प्रत्येक पाळीत ट्रायल रिपोर्ट भरायचं. तुमचं काम बँकेत, सॉफ्टवेअर कंपनीत किंवा दवाखान्यात असलं तरी विचाराची पद्धत हीच राहील.

पहिली पायरी: व्याख्येचं कलम शोधा

करार हातात आला की आधी ‘कॉन्फिडेन्शियल इन्फर्मेशन’ या शब्दांची व्याख्या शोधा. सहसा ती पहिल्या किंवा दुसऱ्या पानावर असते. ग्राहकांची यादी, किमती, ड्रॉइंग, प्रक्रिया, सॉफ्टवेअर, पगार, योजना असं बरंच काही तिथे एका दमात लिहिलेलं असतं आणि शेवटी ‘आणि अशी इतर कोणतीही माहिती’ असं येतं. वाचून वाटतं की कारखान्याच्या भिंतीचा रंगसुद्धा गुप्त आहे.

तसं नसतं. त्याच कलमाच्या खाली किंवा पुढच्या पानावर अपवाद असतात. जी माहिती आधीच जगजाहीर आहे, जी तुम्हाला या नोकरीआधीपासून ठाऊक होती, जी दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला रीतसर मिळाली, आणि जी सांगायला कायदा किंवा न्यायालय भाग पाडतं, ती सहसा वगळलेली असते. हे अपवाद तुमच्या करारात नसतील तर सही करण्याआधी ईमेलवर विचारा, ‘नेहमीचे अपवाद यात दिसत नाहीत, ते घालता येतील का?’ असं विचारल्याने कुणी नोकरी काढून घेत नाही. उत्तर ‘नाही’ आलं तरी तुम्ही विचारल्याची नोंद राहते.

कराराची एक प्रत मागून घ्या. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण तीन वर्षांनी नोटीस आली की प्रत सापडत नाही आणि माणूस आठवणीवर वाद घालत बसतो.

दुसरी पायरी: आपल्या रोजच्या कामाची चाळणी करा

आता खरा प्रश्न. तुमच्या टेबलावर जे आहे, त्यातलं गोपनीय कोणतं?

डाय कास्टिंगमध्ये एडीसी12 नावाचा मिश्रधातू सर्रास वापरतात. तो साधारण साडेसहाशे ते सातशे अंशांच्या दरम्यान ओततात, साचा आधी तापवतात, हवा अडकली की कास्टिंगमध्ये पोरोसिटी येते, म्हणजे बारीक पोकळ्या राहतात. हे सगळं पुस्तकात आहे, कॉलेजात शिकवतात. कंपनीत येऊन तुम्ही ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं असेल, पण म्हणून ते कंपनीचं गुपित होत नाही. ते तुमचं कसब आहे आणि ते घेऊन तुम्ही कुठंही जाऊ शकता.

पण गिअरबॉक्सच्या त्याच एका कव्हरसाठी तुमच्या कंपनीने सहा महिने ट्रायल घेतल्या. साच्यात धातू शिरण्याची जागा तीनदा बदलली, धातू साच्यात ढकलणाऱ्या प्लंजरचा वेग कोणत्या टप्प्याला वाढवायचा ते ठरवलं, आणि रिजेक्शन, म्हणजे नापास होणाऱ्या भागांचं प्रमाण, खाली आणलं. या सेटिंगचा अंतिम तक्ता, त्यामागचे ट्रायल रिपोर्ट आणि फसलेल्या ट्रायलच्या नोंदी हे सगळं गोपनीय आहे. फसलेल्या ट्रायलसुद्धा का? कारण काय चालत नाही हे प्रतिस्पर्ध्याला फुकट कळलं तर त्याचेही तेवढेच महिने वाचतात. नवख्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही. रद्दीत टाकायचा कागद म्हणून तो ट्रायल शीटचा फोटो मित्राला पाठवून देतो.

ग्राहकाने दिलेलं ड्रॉइंग वेगळ्याच प्रकारात मोडतं. ते तुमच्या कंपनीचंही नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीने ते तुमच्या कंपनीला वेगळ्या गोपनीयता कराराखाली दिलेलं असतं आणि तुमच्या सहीची साखळी तिथपर्यंत जाते. गाडी बाजारात यायच्या आधी तिच्या भागाचा फोटो बाहेर गेला, तर नुकसान तुमच्या मालकापुरतं राहत नाही, पुढची ऑर्डरही जाऊ शकते. बाकी कशात चूक झाली तर एकवेळ निभावतं, इथे निभावणं अवघड.

आणि किमती. कोटेशन, धातूचा खरेदीदर, मशीनचा तासाचा दर धरून काढलेली कॉस्टिंग शीट हे सगळं गोपनीय. मात्र एखाद्या ग्राहकाचं नाव तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवरच झळकत असेल, तर ते नाव गुपित नाही. 2006 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका बँकेने आपल्या माजी कर्मचारी महिलेविरुद्ध असाच मुद्दा मांडला होता, की ग्राहकांची माहिती घेऊन ती दुसऱ्या बँकेत जाते आहे. न्यायालयाने साधारण असं धरलं, की कामाच्या ओघात ओळखीचे झालेले ग्राहक हे आपोआप व्यापारी गुपित ठरत नाहीत, आणि त्या नावाखाली माणसाला नोकरी बदलण्यापासून रोखता येणार नाही. ओळख डोक्यात असणं वेगळं आणि ग्राहकांची एक्सेल शीट पेनड्राइव्हवर असणं वेगळं, हा फरक मनात पक्का करा.

शंका आली तर स्वतःला तीन गोष्टी विचारा. बाहेरच्या माणसाला ही माहिती सहज मिळेल का? कंपनी ती जपते का, म्हणजे पासवर्ड, कुलूप, ‘कॉन्फिडेन्शियल’चा शिक्का असं काही आहे का? प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली तर त्याचा पैसा किंवा वेळ वाचेल का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि उरलेल्या दोघांचं ‘हो’ आलं तर तोंड बंद ठेवा. उत्तरं सरमिसळ आली तर साहेबांना विचारा आणि तेही ईमेलवर.

काही गोष्टी कोणत्याही एनडीएखाली दडपता येत नाहीत. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे नेणं, पीएफ भरला जात नाही म्हणून पीएफ कार्यालयात जाणं, कारखान्यात गुन्हा घडताना पाहिला तर पोलिसांना सांगणं हे तुमचे हक्क आहेत. कायद्याला किंवा सार्वजनिक हिताला छेद देणारा करार भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 23 नुसार टिकत नाही. मात्र तक्रार योग्य कार्यालयात करा. तीच माहिती सोशल मीडियावर टाकली तर हा बचाव कमकुवत होतो.

तिसरी पायरी: मुदत मोजा

‘किती दिवस?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं, कारण करारात बहुधा दोन-तीन वेगळी घड्याळं चालू असतात.

नोकरी चालू असेपर्यंत बंधन असतंच, त्यात वाद नाही. नोकरी सुटल्यानंतरची मुदत करारात लिहिलेली असते आणि ती कोणत्या तारखेपासून मोजायची हे नीट वाचावं लागतं. समजा तुम्ही 1 जुलै 2024 ला सही केली आणि 30 जून 2027 ला नोकरी सोडली. करारात ‘सहीपासून 5 वर्षे’ असेल तर बंधन जून 2029 अखेर संपतं. ‘नोकरी संपल्यापासून 3 वर्षे’ असेल तर ते जून 2030 अखेरपर्यंत जातं. आकडा लहान, पण मुदत मोठी. मी पाहिलं आहे की मुलं फक्त आकडा बघतात.

तिसरं घड्याळ व्यापारी गुपितांचं. अनेक करारांत लिहिलेलं असतं की व्यापारी गुपित जोवर गुपित आहे तोवर जपायचं, म्हणजे त्याला वर्षांची मर्यादाच नाही. हे ऐकून घाबरू नका. कॉस्टिंग शीटमधले दर दोन वर्षांत शिळे होतात, बाजारात आलेल्या गाडीच्या भागाचं डिझाइन सगळ्यांना दिसतं. ज्यात गुपित असं काही उरलेलं नाही ते जपण्याचं बंधनही बहुतेक उरत नाही. प्रक्रियेचा तो अंतिम तक्ता मात्र दहा वर्षांनीही गुपित असू शकतो. ग्राहकाच्या ड्रॉइंगची मुदत कधीकधी ग्राहकाशी झालेल्या मूळ करारावर अवलंबून ठेवलेली असते. तसं कलम असेल तर ती तारीख विचारून लिहून ठेवा.

इथे बहुतेकांचा एक घोळ होतो. त्याच कागदात पुढे असतं, ‘नोकरी सोडल्यावर 2 वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही.’ ही अट गोपनीयतेची नाही, ती स्पर्धाबंदीची आहे. करार अधिनियमाचं कलम 27 सांगतं की कुणाला कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा उद्योग करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. नोकरी संपल्यानंतर लागू होणारी अशी बंदी भारतातली न्यायालयं सहसा मान्य करत नाहीत. गुपित न फोडण्याची अट मात्र नोकरी संपल्यावरही टिकते. म्हणजे समोरच्या गल्लीतल्या डाय कास्टिंग कंपनीत तुम्ही खुशाल जाऊ शकता, तक्ता घेऊन जाऊ शकत नाही.

याच विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 1967 चा गाजलेला निकाल आपल्या कल्याणचा आहे. सेंच्युरी कंपनीने टायरमध्ये लागणाऱ्या धाग्याचं तंत्र परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलं होतं. निरंजन शंकर गोलिकरी 1963 मध्ये पाच वर्षांच्या करारावर तिथे शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले, पगार महिना 460 रुपये. 1964 मध्येच ते बाहेर पडले आणि कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये 560 रुपयांवर रुजू झाले. न्यायालयाने त्यांना करारातली पाच वर्षं पुरी होईपर्यंत त्याच प्रकारचं काम दुसरीकडे करण्यास मनाई केली, आणि गुपितं सांगण्यासही. ही बंदी टिकली कारण ती कराराच्या चालू मुदतीतली होती, नोकरी संपल्यानंतरची नव्हती. त्यामुळे तुमच्या ऑफर लेटरमध्ये ठरावीक वर्षांची सेवा लिहिली असेल तर ते कलम एनडीएशेजारी ठेवून वाचा. दोन्ही मिळून अर्थ बदलतो.

चौथी पायरी: मोडला तर काय होतं

पहिला फटका कंपनीच्या आतच बसतो. मेल अकाउंट बंद होतं, लॅपटॉप ताब्यात घेतात, कारणे दाखवा नोटीस येते, चौकशी होते आणि बडतर्फी होऊ शकते. रिलीव्हिंग लेटर अडकलं की पुढची नोकरीही लटकते. माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणं इथेच संपतात, कोर्टापर्यंत जात नाहीत.

कोर्टात गेलं तर कंपनी आधी पैसे मागत नाही, आधी मनाईहुकूम मागते. माहिती वापरू नये, फाइल परत कराव्यात, नव्या मालकाला देऊ नये, असा तातडीचा अंतरिम आदेश. पैशांपेक्षा हाच जास्त बोचतो, कारण नव्या मालकालाही बहुधा पक्षकार करतात आणि तो तुम्हाला लगेच दूर ठेवू शकतो.

मग भरपाई. करारात ‘भंग झाल्यास 25 लाख रुपये’ असा आकडा वाचून मुलांचे हातपाय गळतात. करार अधिनियमाच्या कलम 74 नुसार असा आकडा ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाई देतं आणि जिथे नुकसान मोजता येतं तिथे ते सिद्धही करावं लागतं. म्हणजे आकडा पाहून धास्ती घेऊ नका, पण तो दिखाऊ आहे असंही समजू नका. ग्राहकाने ऑर्डर काढून घेतल्याचं पत्र कंपनीकडे असेल तर नुकसान सिद्ध करणं फारसं अवघड नसतं.

फौजदारी बाजूही आहे. परवानगीशिवाय संगणकातून डेटा उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 मध्ये येतं, आणि ते अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेतला विश्वासघाताचा गुन्हाही कंपन्या तक्रारीत लावतात. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा अजून नाही. विधी आयोगाने 2024 मध्ये 289 व्या अहवालात तशी शिफारस केली आहे. तोवर करार आणि हे बाकीचे कायदे मिळूनच काम चालतं, म्हणूनच कंपन्या करारावर एवढा भर देतात.

आता आपल्या उदाहरणाकडे. तुम्ही नोटीस पिरियडमध्ये आहात. शेवटच्या आठवड्यात रात्री अकराला तुम्ही ट्रायल रिपोर्टच्या चाळीस फाइल स्वतःच्या खासगी जीमेलवर पाठवल्या. हेतू एवढाच की नव्या ठिकाणी रिपोर्टचा नमुना हाताशी असावा. तुमच्या मनात चोरी नाही. पण आयटी विभागाच्या नोंदीत तुमचं नाव, वेळ आणि फाइलची नावं उमटली, आणि राजीनामा दिलेला असल्याने त्या नोंदीचा अर्थ बदलला. कंपनीच्या वकिलाला याहून जास्त काही लागत नाही. कोरा नमुना हवा होता तर तो साहेबांकडून मागून घेता आला असता, किंवा घरी बसून स्वतःच्या आठवणीतून रकाने आखता आले असते.

अशी चूक झाली, किंवा ईमेलचा पत्ता आपोआप भरला जाऊन फाइल चुकीच्या व्हेंडरला गेली, तर त्याच दिवशी साहेबांना आणि आयटीला लेखी कळवा: काय गेलं, कुणाकडे गेलं, किती वाजता. समोरच्याला ती न उघडता काढून टाकायची विनंती करा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. पण वकिलाची नोटीस एकदा आली की स्वतःच्या फोनमधून काहीही पुसू नका. घाबरून जीमेल रिकामं करणारा माणूस साध्या चुकीला पुरावा नष्ट करण्याचं रूप देतो. नोटीस, करार आणि फाइलची यादी घेऊन स्वतःच्या वकिलाकडे जा, आणि फाइल कशा परत करायच्या, पुसायच्या का, ते त्यांच्या सल्ल्याने ठरवा. एचआरला फोन करून रडत खुलासे देऊ नका. मी स्वतः एचआरची आहे म्हणून सांगते, त्या फोनवरचं बोलणं आम्हाला लिहून ठेवावं लागतं.

पाचवी पायरी: मुलाखत आणि निघण्याचा दिवस

गुपित फुटण्याची सर्वात साधी जागा म्हणजे पुढच्या नोकरीची मुलाखत. समोरचे साहेब चहा मागवतात आणि सहज विचारतात, ‘तुमच्याकडे त्या कव्हरला रिजेक्शन किती आहे हो?’ छाप पाडायची असते, उत्तर ओठावर असतं. तिथे म्हणा, ‘आकडा मला सांगता येणार नाही सर, पण पोरोसिटी शोधायला आम्ही एक्स-रे आणि लीक टेस्ट कशा वापरतो ते सांगू शकतो.’ यात तुमचं ज्ञानही दिसतं आणि समोरच्याला हेही कळतं की उद्या त्यांचा आकडाही तुम्ही बाहेर सांगणार नाही. रेझ्युमेतही ‘अमुक ग्राहकाच्या तमुक नव्या मॉडेलचं काम केलं’ असं न लिहिता ‘चारचाकीच्या गिअरबॉक्स कव्हरवर काम केलं’ असं लिहा.

सोशल मीडियावर निरोपसमारंभाचा फोटो टाकण्याआधी तो मोठा करून मागची भिंत पाहा. शॉप फ्लोअरवरच्या फळ्यावर दिवसाचं उत्पादन, रिजेक्शन आणि ग्राहकाचं नाव खडूने लिहिलेलं असतं.

निघण्याच्या दिवशी लॅपटॉप, पेनड्राइव्ह, वह्या, छापील ड्रॉइंग, अगदी कपाटातली जुनी डायरीसुद्धा यादी करून परत करा. फोनवरच्या कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले फोटो आणि खासगी ड्राइव्हवर गेलेल्या फाइल असतील तर आधी साहेबांना सांगा, त्यांच्या सांगण्यानुसार काढा आणि काढल्याचं ईमेलने कळवा. तुमची पगारपत्रकं, ऑफर लेटर, फॉर्म 16 आणि तुमची एनडीएची प्रत हे तुमचं आहे, ते न्या. यादीवर वस्तू घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या, त्या कागदाचा फोटो काढा, आणि मूळ कागद घरी एनडीएच्या प्रतीबरोबर एकाच फायलीत ठेवा. करारातली मुदत संपेपर्यंत ती फाइल टाकू नका.